नमस्कार करणारं बाळ

दवाखान्यातल्या सिस्टरला वस्ती पाठीमागे 'तोफ' म्हणायची, आणि हे तिला चांगलं ठाऊक होतं. बावीस वर्षं लसी टोचून तिचा हात हलका झाला होता, पण जीभ काही हलकी झाली नव्हती. "मुलाला टोचलं की मूल रडतं, तोफेनं तोंड उघडलं की आई रडते," असं बायका म्हणायच्या आणि तरी तिच्याकडेच यायच्या, कारण कामात तिला तोड नव्हती.

त्या दिवशी लसीकरण होतं. बाकावर मुंगी शिरायला जागा नव्हती. एक मूल रडायला लागलं की बाकीची त्याला साथ देत होती. त्या गलबल्यात एक आजी सुनेला आणि पाच महिन्यांच्या नातवाला घेऊन टेबलाशी आली. तिने मोबाइल सिस्टरच्या नाकासमोर धरला.

"बघा तरी सिस्टर, आमचं बाळ नमस्कार करतं. आठवडा झाला. झोपून उठलं की ओळीनं दहा-बारा नमस्कार!"

सिस्टरने नाइलाजाने पाहिलं. गोधडीवर बाळ होतं. कुणीतरी वाटीवर चमचा वाजवत होतं आणि बाळ खळाळून हसत होतं. मग एकाएकी त्याची मान पुढे झुकली, दोन्ही हात झटक्यात वर फेकले गेले आणि आत वळले. क्षणभरात सगळं सैल पडलं. चार-पाच सेकंदांनी पुन्हा तेच, मग पुन्हा. मधूनच बाळ कुरकुरत होतं, आणि मागून आजीचा कौतुकाचा आवाज येत होता, "आणखी एक! आणखी एक!"

शिकत असताना मोठ्या इस्पितळात सिस्टरने असं एक बाळ पाहिलं होतं. मेंदूचे झटके होते ते. दिसायला किरकोळ, पण आतून घर पोखरणारे. तिथले डॉक्टर म्हणाले होते, यात दिवस मोजायचे असतात, महिने नाहीत.

"आजी, हा कसला नमस्कार? झटके आहेत हे. कुणी घातलं हे खूळ तुमच्या डोक्यात?"

"मठातले बाबा म्हणाले. मागच्या जन्मी मोठा साधक होता म्हणून."

"मग घेऊन जा बाबांकडेच! लससुद्धा त्यांच्याचकडून टोचून घ्या!"

अख्खा बाक हसला. मागच्या एकीने मान झुकवून, हात उडवून बाळाची नक्कल केली, तसे आणखी हसले. आणि खरं सांगायचं तर सिस्टरही हसली. आजीने मोबाइल पदराआड केला. तिचा चेहरा राखेसारखा झाला होता. सिस्टरने घाईघाईने मोठ्या इस्पितळाची चिठ्ठी लिहिली, "आजच्या आज जा," असंही चार वेळा बजावलं. पण मान वर केली तोवर आजी दारात पोचली होती. बाळाच्या आईने जाताना एकदा वळून पाहिलं. चिठ्ठी टेबलावरच राहिली.

सिस्टर शंभर टक्के खरं बोलली होती. पण चाळीस बायकांसमोर हसं झालेली म्हातारी खरं-खोटं बघत बसत नाही, ती पायाला पाय लावून पळते. इतकी साधी गोष्ट बावीस वर्षांत हिला कळू नये?

दुसऱ्या दिवशी सिस्टर ती चिठ्ठी घेऊन आजीच्या घरी गेली. दार किलकिलं करून आजी म्हणाली, "बाळ मामाकडे गेलंय." आत बाळ रडत होतं. दवाखान्याच्या डॉक्टरांनी बाळाच्या बापाला कारखान्यात फोन लावला. "आईला विचारून सांगतो," असं म्हणून त्याने जो फोन ठेवला, तो पुन्हा उचलला नाही. पुढच्या खेपेला शेजारणीकडून कळलं की बाबांनी बाळाच्या दंडात मंतरलेला दोरा बांधलाय. डॉक्टरची नजर नको, सुई नको, औषध नको, नाहीतर साधना भंगेल आणि शाप लागेल. सकाळी बाळ उठायच्या वेळेला बायका दर्शनाला जमत होत्या. कुणाला आपल्याकडे तोंड करून नमस्कार झाला की तिला धन्य वाटत होतं. खोटं बोल पण रेटून बोल, यात बाबांचा हात कुणी धरला नसता.

सिस्टर पाच वेळा गेली. पाचही वेळा तावातावाने तेच सांगून आली, फक्त दर खेपेला आवाज थोडा चढवून. पालथ्या घड्यावर पाणी. यात अकरा आठवडे गेले.

सहाव्या वेळी ती पिशवी, कागद काहीच न घेता गेली. दार उघडल्याबरोबर म्हणाली, "आजी, त्या दिवशी मी चारचौघांत हसले. चुकलं माझं. एवढंच सांगायला आले."

आजी चौकटीतून बाजूला झाली. मग म्हणाली, "आत या."

स्वयंपाकघरात सून बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. बाळ आठ महिन्यांचं झालं होतं. मान धरत नव्हतं. डोळे उघडे होते, पण ते कशावरच ठरत नव्हते. सिस्टरने त्याच्यासमोर बोट हलवलं, मग हळूच हाक मारली. बाळ छताकडेच बघत राहिलं.

"हसत नाही आता," आजी म्हणाली. "बाबा म्हणतात, अंतर्मुख झालाय. माझ्याकडेसुद्धा बघत नाही हो. मी आजी ना त्याची?"

सिस्टरने पहिल्यांदाच सांगायच्या ऐवजी विचारलं. "तुम्हाला काय वाटतं आजी? बाबांचं राहू द्या."

आजी जमिनीकडे बघत बोलली. तिचं पहिलं मूल असंच झटके येऊन गेलं होतं. तेव्हा कुणी त्याला नमस्कार म्हटलं नव्हतं. सासरी म्हणाले, हिचं पाप आहे, हिच्या माहेरचा शाप आहे. दोन वर्षं तिला कुणी आपलं मूल हातात घेऊ दिलं नव्हतं. "तुम्ही झटके म्हणालात ना, तेव्हा मला तेच दिसलं. आता हिला म्हणतील," तिने सुनेकडे मान हलवली. "बाबांनी नमस्कार म्हटलं, तर वाटलं, सुटलो. कुणाचंच पाप नाही."

म्हणजे म्हातारी सुनेला वाचवत होती! सिस्टरला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. अकरा आठवडे ती अंधश्रद्धेशी भांडत होती आणि दाराआड बसलं होतं एका बाईचं जुनं भय. तिने ते एकदाही विचारलं नव्हतं.

"आजी, पाप तुमचं नव्हतं आणि हिचंही नाही," ती म्हणाली. "फुप्फुसाला आजार होतो, तसा मेंदूलाही होतो. कधी जन्माच्या वेळच्या त्रासाने, कधी मेंदूच्या घडणीमुळे, कधी तपासूनही कारण सापडत नाही. मागच्या जन्माचा हिशेब कुठल्याच तपासणीत निघत नाही. प्रार्थना करा, कोण नको म्हणतंय? दोराही राहू द्या दंडात. पण औषध थांबवून नको. आणि कुणी हिला बोललंच, तर मला बोलवा. माझी तोफ तिथे कामाला येईल."

आजी हसली नाही, पण उठली. चपला घातल्या आणि सुनेला म्हणाली, "चल."

मोठ्या इस्पितळात बाळाच्या डोक्याला तारा लावून मेंदूचा आलेख काढला. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "कधीपासून?" आजीने मोबाइल पुढे केला. त्यात पंच्याऐंशी व्हिडिओ होते, प्रत्येकावर तारीख. तिने एकही सकाळ चुकवली नव्हती. डॉक्टरीणबाई एकेक बघत गेल्या. पहिल्यात बाळ हसत होतं. विसाव्यात नुसतं बघत होतं. चाळिसाव्यानंतर तेही नव्हतं. इतका नेमका पुरावा त्यांना कधी कुणी आणून दिला नव्हता, आणि तो आणणारीला ते कळून चुकलं होतं.

स्टेरॉइडचं औषध सुरू झालं. मनाने बंद करायचं नाही, हळूहळूच कमी करायचं. ताप आला तर लगेच यायचं. रक्तदाब, साखर तपासत राहायची. सिस्टरने ते काम अंगावर घेतलं. बाळाचा चेहरा सुजला, ते चिडचिडं झालं, सारखं भुकेजलं. नवव्या दिवशी झटके थांबले. दोन आठवड्यांनी आलेखही सुधारलेला निघाला. सगळ्यांनी डॉक्टरीणबाईंकडे आशेने पाहिलं.

"झटके थांबले, ही चांगली गोष्ट आहे," त्या म्हणाल्या. "पण मधल्या काळात जे गेलं, ते किती परत येईल, मी सांगू शकत नाही. कदाचित थोडं. व्यायाम, उपचार चालू ठेवायचे." त्यांनी खोटा धीर दिला नाही. सिस्टरला वाटलं, द्यायला हवा होता.

दोन महिन्यांनी सिस्टर नेहमीसारखी तपासायला गेली. दर्शनाच्या बायका केव्हाच पांगल्या होत्या. बाबांनी निरोप धाडला होता, औषधाने साधना भंगली, आता जे होईल ते तुमचं कर्म. सून मागच्या दारी कपडे धूत होती. बाळ गोधडीवर पडलं होतं. आजी त्याच्याजवळ वाटीवर चमचा वाजवत होती, एका लयीत, न थांबता. बाळाने मान वळवली नाही.

"सिस्टर, खरं सांगा. त्या पहिल्या दिवशी चिठ्ठी घेऊन गेले असते तर?"

आजाराचं मूळ कारण सापडलेलं नाही, लवकर उपचार होऊनही काही मुलं मागे राहतात, हे सांगता आलं असतं. ते खरंही होतं. ते तिने सांगितलं. पण आजीची नजर हलेना, तेव्हा उरलेलंही सांगावं लागलं.

"संधी जास्त होती, आजी. पुष्कळ जास्त."

"मग हे माझंच पाप."

"पाप नाही. चूक. आणि ती एकट्या तुमची नाही. मी हसले नसते, तर तुम्ही चिठ्ठी घेतली असती."

आजीने 'असं नका म्हणू' म्हटलं नाही. सिस्टर त्याचीच वाट बघत होती, हे तिला नंतर लाजेने जाणवलं.

आजीने चमचा खाली ठेवला आणि मोबाइल घेतला. वर सरकत सरकत ती पहिल्या व्हिडिओपर्यंत गेली. बोट लावलं. खोलीत वाटीचा ठणठण आवाज झाला, आणि मागोमाग बाळाचं हसू, खळखळून, पोटातून आलेलं.

मागच्या दाराशी बादली कलंडली. सून धावत आली. कोपरापर्यंत फेस, पदर ओला, चेहरा उजळलेला.

"हसला? आई, हसला ना तो?"

आजीने मोबाइल घाईने पदराआड दडवला. पदराआडून बाळ हसतच होतं.