जमिनीवर झोपलेला माणूस

शेवटचा प्रश्न राहिला होता आणि माझाच आवाज कापत होता.

मेहक परदेशात डॉक्टरकी शिकून आली, पण इथं दवाखान्यात काम करायचं तर परवान्याची परीक्षा पास व्हावी लागते. त्यात ती दोनदा नापास झाली होती. तिचे अब्बा सिकंदरभाई यांनी सांगून टाकलं होतं, "आजच्या सरावात तीनशेपैकी दीडशे पडले तर पुढच्या आठवड्यात बस, न्हायतर नाद सोड." एकशे एकोणपन्नास झाले होते. बरोबर उत्तरांची तालिका माझ्याकडे होती. वैद्यकातलं मला काही कळत नाही. शेजारी म्हणून प्रश्न वाचायचे आणि ती सांगेल तो पर्याय लिहायचा, एवढंच माझं काम.

मी वाचलं. तरुण शेतमजूर. रात्री घरात जमिनीवर झोपला. पहाटे पोटात कळ येऊन उठला. आता पापण्या उघडत नाहीत, गिळता येत नाही. ताप नाही, चावल्याची खूण नाही, रक्त वेळेत गोठतंय. घरच्यांनी तेच जेवण घेतलं, ते ठणठणीत. पुढं काय कराल?

"पापण्या म्हणजे मायस्थेनिया, स्नायू थकण्याचा आजार! गोळ्या द्यायच्या. पर्याय अ," ती म्हणाली. मग लगेच, "थांबा तात्या, लिहू नका! मायस्थेनिया एका रात्रीत असा येत न्हाय. आणि पोटात कळ कशाला?"

"शिळं खाल्लं आसंल," चटईवर पडलेले सिकंदरभाई म्हणाले.

"ते बोटुलिझम, अन्नातली विषबाधा. पण घरचे बरे हायत की! तात्या, पुन्हा वाचा. सावकाश."

मी पुन्हा वाचलं. 'जमिनीवर झोपला'पाशी सिकंदरभाई हसले. "त्यात काय सांगायचं? मी बी रोज खालीच झोपतो."

मेहक त्यांच्याकडे बघतच राहिली. मग ताडकन उठली.

"अब्बा, म्हणूनच मी ते वाक्य वाचलंच न्हाय! आपल्याकडं सगळेच खाली झोपतात. पण प्रश्नात उगाच कुणी लिहीत न्हाय. मण्यार! रात्री घरात शिरते, झोपलेल्याला चावते. दुखत न्हाय, खूण दिसतेच असं न्हाय. घोणस असती तर रक्त गोठलं नसतं. मण्यारीचं विष स्नायू लुळे पाडतं, म्हणून पापण्या! पोटातली कळ बी त्याचीच!"

"मग खूण सापडेपर्यंत लक्ष ठेवायचं?" मी पर्याय ड वाचला.

"न्हाय! तोवर श्वास थांबंल. सर्पविषावरचं औषध लगेच, आणि श्वासाची नळी तयार ठेवायची. पर्याय क!"

मी उत्तरांची तालिका उलटली. चुकीचं पान तर उघडलं नाही ना, म्हणून क्रमांक दोनदा ताडून पाहिला.

"क," मी म्हणालो. माझा आवाज इतका मोठा निघाला की मीच दचकलो.

मेहकनं टाळी वाजवली. सिकंदरभाई उठून बसले, चटईखाली वाकून बघितलं आणि ती गुंडाळायला लागले.

"जा, बस परीक्षेला," ते म्हणाले. "आणि परवाना मिळाला की आधी मला पलंग घे."