दुपारच्या पाळीतले त्रेसष्ट

सिस्टर दारात उभी राहिली तेव्हाच मी ओळखलं, आज आपला चहा गार होणार.

"ताई, त्या यादीचं जरा बघता का? खाली टेलर मास्तर आलेत. त्यांचं नाव माझ्या यादीत कधी आलंच नाही."

आमचं डोळ्यांचं हॉस्पिटल. साखरेच्या पेशंटच्या डोळ्यातल्या पडद्याचे फोटो काढतात, डॉक्टर ते बघतात, आणि ज्यांच्यात गडबड दिसते त्यांची नावं कॉम्प्युटरवरच्या 'परत बोलवा' या टेबलात जातात. त्यातून रोज सकाळी एक यादी निघते आणि सिस्टर एकेकाला फोन करते. यादी काढणारी क्वेरी माझी. चार वर्षं बिनबोभाट चालली होती.

"गेल्या चार महिन्यांत यादी किती कमी झाली," सिस्टर म्हणाली. "मला तर वाटलं, लोक सुधारले."

मलाही तसंच वाटलं होतं. मोठ्या डॉक्टरांनी मीटिंगमध्ये आमचं कौतुकही केलं होतं, आणि मी ते मुकाट्याने घेतलं होतं.

क्वेरी उघडली. अट एका ओळीची. 'कळवले' हा रकाना 'हो' नसेल, तर नाव दाखव. बघायला किती शहाणी. मग मी नुसती मोजणी केली. टेबलात एकूण चारशे बारा नावं. 'हो' असलेली तीनशे अडतीस. 'हो' नसलेली अकरा. बेरीज तीनशे एकोणपन्नास.

"उरलेले त्रेसष्ट कुठे गेले?" सिस्टरने विचारलं.

कुठे जाणार? तिथेच होते. त्यांचा 'कळवले' रकाना रिकामा होता. तिथे 'नाही' लिहिलेलं नव्हतं, काहीच लिहिलेलं नव्हतं. आणि रिकाम्या रकान्याला 'तू हो नाहीस ना?' असं विचारलं, की डेटाबेस हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. माहीत नाही म्हणतो. अट फक्त या प्रश्नाला ठाम हो म्हणणाऱ्याला आत सोडते. बाकीचे बाहेर, आणि त्याचा आवाजसुद्धा होत नाही. लाल अक्षरं नाहीत, चूक नाही, काही नाही. हे मी नव्या पोरांना शिकवते, मेलं.

आणि रिकामे आले कुठून, तर तेही माझ्याच कृपेने. पूर्वी दोन पाळ्यांच्या दोन्ही नोंदणीवाल्यांना प्रत्येक वेळी 'नाही' निवडावंच लागायचं. दर पेशंटमागे एक जास्तीचं क्लिक, म्हणून दोघींनी माझं डोकं खाल्लं. चार महिन्यांपूर्वी मी वैतागून सक्ती काढून टाकली. सकाळच्या पाळीची सवयीने अजून 'नाही' निवडते. दुपारची सोडून देते. म्हणजे सकाळी आलेल्यांना फोन गेले, आणि दुपारी आलेल्यांना कोणी विचारलं नाही. मास्तर दुकान बंद करून दुपारीच यायचे.

अटीत 'किंवा रिकामा असेल तर' एवढं घातलं. अर्धं मिनिट लागलं. यादी अकराची चौऱ्याहत्तर झाली. सिस्टरने खुर्ची ओढली आणि फोन जवळ घेतला.

"मास्तरांना काय झालंय?" मी विचारलं.

"डाव्या डोळ्यात रक्त उतरलंय. वेळेत आले असते तर लेसरने निभावलं असतं, असं डॉक्टर म्हणतात. उजवा वाचेल बहुतेक."

मला खाली जायची अजिबात इच्छा नव्हती. तरी गेले. मास्तर बाकावर बसले होते, डावा डोळा मिटून. समोरच्या पडद्याची शिवण बघत होते.

"मास्तर, तुम्हाला फोन जायला हवा होता. दोन महिन्यांपूर्वीच. माझ्या चुकीमुळे गेला नाही."

"काही असलं तर फोन करू म्हणाले होते," ते म्हणाले. "फोन आला नाही, तेव्हा मी बायकोला सांगितलं, बघ, काही निघालं नाही. तिने देवापुढे दिवा लावला."

मी माफी मागितली. तिचा उपयोग काय, ते आम्हा दोघांनाही कळत होतं.

"सुईत दोरा ओवायला आता तिलाच बसवावं लागेल," ते म्हणाले, आणि उजव्या डोळ्याच्या उपचाराच्या संमतीच्या कागदावर सही करायला पेन मागितलं. सही रेघेच्या बरीच खाली गेली.

वर आले तर सिस्टर सातव्या फोनवर होती. "काका, घाबरू नका, पण उद्याच या," असं सांगत होती. मी मास्तरांची ओळ उघडली. 'कळवले' रिकामाच होता. तिथे 'हो' भरलं, जतन केलं, आणि यादी पुन्हा काढली.

त्यांचं नाव यादीतून गेलं. या वेळी ते जायलाच हवं होतं.