माघातली चुकामूक

बालकाश्रमाच्या कचेरीत ट्यूबलाईट फडफडायला लागली की नोंदणीबाई कुणाला बोलावणार ते सगळ्यांना माहीत होतं. वायरमनकाका. वय सत्तरीच्या पुढे, गुडघे कुरकुरणारे, तरी शिडीवर चढायचा सोस काही सुटत नव्हता. ह्याच आश्रमात ते लहानाचे मोठे झाले, इथूनच वायरमनचं काम शिकून बाहेर पडले, लग्न केलं, नातवंडं झाली; पण इथला दिवा गेला की आपणच लावायचा, हा त्यांचा हट्ट. मजुरी म्हणून चहा. आणि चहाबरोबर बाईंची टिंगल करायची मुभा.

"काय बाईसाहेब, आज किती जणांना जन्माला घातलंत?" त्यांनी शिडी भिंतीला टेकवत विचारलं.

"तुम्ही वर बघा काका, खाली मी बघते," बाई म्हणाल्या आणि पुन्हा संगणकात डोकं घातलं.

बाईंचं काम मोठं किचकट होतं. आश्रमाची जुनी नोंदवही, तीही पहिल्या अधीक्षकांनी बोरूने लिहिलेली. अक्षर मोत्यासारखं, पण तारखा सगळ्या मराठी महिन्यांच्या आणि शकाच्या. श्रावण शुद्ध अमुक, माघ वद्य तमुक. जानेवारी-फेब्रुवारीशी त्या गृहस्थांचं काय वाकडं होतं देव जाणे. आता ह्या सगळ्या नोंदी संगणकात चढवायच्या होत्या, आणि संगणकाला इंग्रजी तारखेशिवाय घास गिळवत नाही. कार्यवाह रोज येऊन विचारत, "कुठवर आलं?" बाई म्हणत, "आलंच." काय आलं ते दोघांपैकी कुणीच सांगत नसे.

पण बाई हुशार. त्यांनी युक्ती काढली होती. शकात अठ्ठ्याहत्तर मिळवले की इसवी सन मिळतो, हे त्यांना शाळेपासून पाठ. तेव्हा संगणकात असा रकाना केला की शक टाकला की सन आपोआप पुढे उभा. मग कपाटातली जाडजूड जंत्री काढायची, त्या सनाचं पान उघडायचं, त्यात तो महिना आणि ती तिथी शोधायची, समोरची तारीख उचलायची, झालं. बाईंना आपल्या ह्या रकान्याचं फार कौतुक होतं. कुणी विचारलं नाही तरी त्या दाखवत.

काकांना तर दोनदा दाखवून झालं होतं.

"ट्यूब नवीच घालावी लागणार," काका वरून म्हणाले. "तोवर माझी नोंद काढा की. बघू तरी तुमचं यंत्र माझं काय करतंय ते."

"तुमचा दाखला आहे ना तुमच्याकडे?"

"आहे की. नोकरीला लागताना इथल्याच कारकुनाने दिलेला. त्यात लिहिलंय, वडील जन्मापूर्वी मयत." ते हसले. "आमची चुकामूकच झाली म्हणा ना. ते निघाले नि मी आलो. एका स्टँडवर दोन गाड्या, एक सुटायची, एक लागायची."

ही चुकामूक आश्रमात सगळ्यांनी ऐकलेली होती. काका ती लग्नात सांगत, बारशाला सांगत, आधीच्या कार्यवाहांच्या निरोप समारंभातही सांगितली होती. लोक हसत आणि काका त्यांच्यापेक्षा मोठ्याने हसत. बाईही हसायच्या. पण मागच्या वर्षी काकांच्या नातवाचा फोटो बघताना, बापाच्या खांद्यावर बसलेलं ते पोर बघून, काका एकदम बोलून गेले होते, "फोटो नाही, आठवण नाही, ते सोडा हो. पण त्या माणसाने मला बघितलंच नाही. म्हणजे त्याच्या लेखी मी झालोच नाही." आणि लगेच साखर कमी पडल्याची तक्रार केली होती. बाईंना त्या दिवशी घरी जाऊन जेवण गेलं नव्हतं.

म्हणून आज त्यांनी मुकाट्याने नोंदवही पुढे ओढली. काकांची ओळ सापडायला वेळ लागला नाही.

"हे बघा. जन्म, श्रावण शुद्ध अष्टमी, बुधवार, शके अठराशे चौऱ्याहत्तर." बाईंनी शक टाकला, रकान्याने एकोणीसशे बावन्न काढून दिला, जंत्रीचं पान उघडलं. "तीस जुलै. वार बुधवार. आणि वहीतही बुधवार."

"वा," काका शिडी उतरत म्हणाले. "म्हणजे मी खरंच जन्मलो होतो. आता माझ्या बापाला घ्या."

"वडील मयत, माघ वद्य अष्टमी, शनिवार, शके अठराशे चौऱ्याहत्तर." बाईंनी त्याच सनाची पानं मागे उलटली. "फेब्रुवारी एकोणीस. एकोणीसशे बावन्न. म्हणजे तुमच्या जन्माआधी. दाखल्यात आहे तेच."

"वार?"

"मंगळवार."

"आणि वहीत?"

बाईंनी वही जरा आपल्याकडे ओढली.

"वहीत शनिवार आहे ना?" काकांना आता चेव आला. "बाईसाहेब, तुमच्या यंत्रात शनिवारचा मंगळवार होतो. पगाराच्या दिवसालाही असं काही करता येतं का बघा."

"अधीक्षकांची चूक असेल," बाई जरा घुश्शातच म्हणाल्या.

"त्यांची? अहो, त्यांनी मला ताटात भाजी टाकली म्हणून कोपऱ्यात उभं केलं होतं, आणि वहीत लिहिलं होतं कुठली भाजी ते. तो माणूस वार चुकायचा नाही."

हे मात्र खरं होतं. बाईंना ते पटलं, आणि पटलं म्हणूनच राग आला. काका नवी ट्यूब आणायला कोठीत गेले तेव्हा बाईंनी वहीतल्या आणखी काही नोंदी घेतल्या आणि नुसते वार ताडून बघायला लागल्या. आजवर हे त्यांनी केलंच नव्हतं, कारण संगणकात वाराला रकानाच नव्हता. ज्येष्ठातली नोंद, वार जुळला. भाद्रपदातली, जुळला. कार्तिकातली, जुळला. फाल्गुनातली नाही. माघातली आणखी एक काढली, तीही नाही. पुन्हा आश्विन, बरोबर. पुन्हा फाल्गुन, चूक.

म्हणजे अधीक्षक नेमके माघ-फाल्गुनात डुलक्या काढत होते की काय?

बाईंनी जंत्रीचं फेब्रुवारी बावन्नचं पान पुन्हा डोळ्यांजवळ धरलं. वरच्या बाजूला बारीक टायपात काहीतरी होतं. चष्मा पुसला. शके १८७३, असं छापलेलं होतं. त्र्याहत्तर. चौऱ्याहत्तर नव्हे.

अगं बाई, असं त्या स्वतःशीच म्हणाल्या.

शकाचं वर्ष लागतं चैत्रात. जानेवारीत नव्हे. चैत्र, वैशाख करत करत ते वर्ष पौषात येतं तेव्हा मधेच इंग्रजी सन बदलतो, पण शक तोच राहतो. माघ आणि फाल्गुन हे त्या शकाचं शेपूट. ते पुढच्या सनात पडतं. शेपटाला अठ्ठ्याहत्तर नाही, एकोणऐंशी मिळवायचे. पौष तर अर्धा इकडे अर्धा तिकडे, तो बघूनच घ्यावा लागतो. हे सगळं त्यांना माहीत नव्हतं असं थोडंच. पण माघ म्हणजे फेब्रुवारी, आणि फेब्रुवारी म्हणजे वर्षाची सुरुवात, हे डोक्यात इतकं घट्ट बसलेलं की शकाच्या वर्षातही त्यांनी माघाला श्रावणाच्या आधी नेऊन बसवलं होतं. दाखला देणाऱ्या त्या जुन्या कारकुनानेही तेच केलं होतं. चूक करायला संगणक लागत नाही.

आता सगळे माघ-फाल्गुन पुन्हा करायचे. कार्यवाह विचारणार, कुठवर आलं, आणि ह्यांनी सांगायचं, मागे गेलं. बाईंच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले.

आणि मग त्यांना काकांची ओळ आठवली. एकाच शकातला श्रावण आणि माघ. श्रावण आधी. माघ नंतर.

त्यांनी जंत्रीत त्रेपन्न सालचा फेब्रुवारी काढला. वर शके १८७४. माघ वद्य अष्टमीवर बोट ठेवलं आणि ते आडवं सरकवत वारापर्यंत नेलं. शनिवार. फेब्रुवारी सात. बाईंनी बोट तसंच ठेवलं, जणू उचललं तर वार पळून जाईल.

काका ट्यूब घेऊन आले आणि थेट शिडी चढले. "काय, सापडला का मंगळवार?"

"काका, खाली या."

"आलोच, एवढं बसवतो."

"आधी खाली या. पडाल."

"दिव्याची वायर नीट असताना मी कशाला पडू?" पण बाईंच्या आवाजात काहीतरी होतं, ते उतरले. बाईंनी त्यांना खुर्ची दिली. काकांनी खुर्चीकडे संशयाने पाहिलं, कारण ह्या कचेरीत त्यांना खुर्ची आजवर फक्त चढायला मिळाली होती.

बाईंनी सांगितलं. आधी चैत्राचं सांगितलं, मग शेपटाचं, मग एकोणऐंशीचं. काका मान हलवत राहिले, वीजमंडळाचं बिल समजावून घेतल्यासारखी. शेवटी म्हणाले, "थोडक्यात सांगा हो. मी ह्यात कुठे आहे?"

"तुम्ही आधी आहात. तुमचा जन्म जुलैत झाला आणि वडील पुढच्या फेब्रुवारीत गेले. त्यानंतर चैत्रात आईने तुम्हाला इथे आणलं, तेही वहीत आहे. दाखला चुकलेला आहे, काका. जन्मानंतर गेले ते."

हातातली ट्यूब काकांनी मांडीवर आडवी घेतली.

"शनिवार जुळला?" त्यांनी विचारलं.

"जुळला."

"तू दोनदा बघितलंस?"

आजवर ते बाईंना कधी तू म्हणाले नव्हते. "आता तुमच्यासमोर तिसऱ्यांदा बघते," बाई म्हणाल्या आणि जंत्री त्यांच्या पुढ्यात ठेवली. काकांनी त्या बारीक टायपावरून जाड बोट फिरवलं. अक्षरं त्यांना दिसत नव्हती हे उघड होतं, पण त्यांनी बोट शेवटपर्यंत नेलं.

"म्हणजे आमची चुकामूक नाही झाली," ते म्हणाले. "आता मी लग्नाकार्यात सांगू काय?" आणि हसायला गेले, पण ते हसू मधेच अडकलं. बाईंना वाटलं पाणी आणावं, पण उठवेना. त्यांचेही डोळे भरून आले होते आणि ते लपवायला समोर फक्त संगणक होता.

"मी केवढा होतो तेव्हा? ते गेले तेव्हा?"

"सहा महिन्यांचे. वर थोडे दिवस."

काकांनी तीन पोरं वाढवली होती, नातवंडं अंगाखांद्यावर खेळवली होती. सहा महिन्यांचं मूल काय करतं आणि काय करत नाही, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं.

"पोरी," ते म्हणाले, "सहा महिन्यांचं पोर माणूस ओळखतं गं. बाप दारात आला की हात पुढे करतं."