मुकादमाची रोजनिशी

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षक सरांनी माझा प्रबंध मिटला. "गोदी कामगारांच्या संपावर लिहिता आणि मुकादमाची रोजनिशी कुठेच नाही? तुमच्या मॅडमचं अख्खं पुस्तक तिच्यावर उभं आहे. इतकी साधनं घेतली, मग हीच का वगळली?"

माझ्या मार्गदर्शक मॅडम शेजारीच बसल्या होत्या. रोजनिशी सापडत नाही असं मी म्हटल्यावर, 'विषयाच्या मर्यादेबाहेर होती म्हण,' असं त्यांनीच मला पढवलं होतं. पण त्या 'अख्खं पुस्तक'वर माझं डोकं सटकलं.

"जे मूळ कागद स्वतः पाहिले तेवढेच घेतले, सर. पुस्तकात दिलेल्या क्रमांकाला अभिलेखागारात गोदामाचा नकाशा निघतो. रोजनिशी तिथे कधी आल्याची नोंदच नाही."

आता मॅडम मला कच्ची खाणार.

त्या माझ्याकडे बघतही नव्हत्या. पांढऱ्याफटक चेहऱ्याने त्या परीक्षकांकडे बघत होत्या.

"सर," त्या हळूच म्हणाल्या, "मी तुमची विद्यार्थिनी असताना रोजनिशीतले ते उतारे तुम्हीच मला लिहून दिले होते."