नमुना उत्तर

कयलविळी मॅडमनी एळिलनला जावाच्या पहिल्याच असाइनमेंटला शून्य दिलं होतं, आणि वर सगळ्या लॅबसमोर "दशांश कुठून आणलेस रे, घरून?" असं हिणवलंही होतं. 71, 78 आणि 75 या गुणांची सरासरी त्याच्या प्रोग्रामने 74.67 अशी दाखवली होती. मॅडमच्या नमुना उत्तरात 74.0 होतं. मदुरैतली ही त्यांची पहिलीच नोकरी, आणि गुणांची यादी दुपारी विभागप्रमुखांकडे जायची होती.

जेवणाच्या सुट्टीत एळिलन परत आला. "मॅडम, आता जुळतंय."

"काय बदललंस?"

"बेरजेला 3.0 ने भागत होतो. ते नुसतं 3 केलं."

मॅडमनी स्वतःचा प्रोग्राम उघडला: double avg = total / 3; त्यात total होतं int, म्हणजे पूर्णांक. दोन्ही पूर्णांक असल्याने भागाकार पूर्णांकातच झाला होता आणि दशांश तिथेच गळाले होते. उरलेल्या 74 चं double मध्ये, म्हणजे दशांश संख्येत, रूपांतर झालं ते त्यानंतर, म्हणून पुढे फक्त .0 लागलं.

"तुझं आधीचं बरोबर होतं, हे तुला कळलं नव्हतं?"

"कळलं होतं, मॅडम." तो खाली बघत म्हणाला. "पण गुण तर हवेत ना. अजून चौघांनी असंच केलंय."

"आधीचं परत कर. त्यांनाही सांग."

यादी घेऊन त्या विभागप्रमुखांच्या खोलीकडे निघाल्या. दारापर्यंत पोचल्या तरी आपली चूक सांगायचं पहिलं वाक्य काही सुचेना. शेवटी त्यांनी तसंच दार वाजवलं.