सोनलने खोडलेली उत्तरं

चांगदेव सर निवृत्त झाल्यावर कळंबला आपल्या घरी राहायला आले, तेव्हापासून त्यांच्या पडवीत गावातली अकरावी-बारावीची मुलं गणित शिकायला येत. सर कोणाकडून काही घेत नसत. यंदा मात्र सोनल एकटीच येत होती. बाकीच्यांनी मंचरला क्लास लावले होते. सोनलचं दहावीपर्यंत मराठीत झालेलं, अकरावी सायन्सला सगळं इंग्रजीत, आणि त्रिकोणमितीच्या पहिल्याच धड्यात ती अडकली होती. अंशांतले कोन तिला कळत. रेडियन कशाला काढला, तेच कळत नव्हतं.

सरांनी बायकोकडून, साधनाताईंकडून, परात मागवली. परातीच्या मध्यापासून काठापर्यंत सुतळी धरून तेवढीच कापली आणि तो तुकडा काठावरून वळवून बसवला. "हा एवढा वाकडा काठ व्यापणारा कोन म्हणजे एक रेडियन. सत्तावन्न अंशांच्या जरासा वर." मग त्यांनी तुकडा पुढेपुढे सरकवत अर्धी परात मोजायला लावली. तीन तुकडे बसले आणि थोडी जागा उरली. "ते तीन आणि थोडं म्हणजे पाय, हा π. अर्ध्या फेरीचे अंश किती? एकशेऐंशी. म्हणजे एकशेऐंशी अंश बरोबर पाय रेडियन. एवढं धरलंस तर बाकी सगळं त्यातूनच निघतं."

सोनलला त्या दिवशी पहिल्यांदा गणित आवडलं. घरी जाऊन तिने आईला सुतळीचं सगळं सांगितलं. आई भाकरी थापत होती. "लई भला माणूस हाये," एवढंच ती म्हणाली.

चाचणीच्या आधी सोनल उदाहरणांची यादी सोडवून घेऊन आली. अर्धे कोन अंशांतून रेडियनमध्ये न्यायचे, उरलेले रेडियनमधून अंशांत आणायचे. सर उत्तरं सांगत होते, ती आपली ताडून बघत होती. पंच्याहत्तर अंशांचं ५π/१२ जुळलं. दोनशे दहाचं ७π/६ जुळलं. पासष्ट अंश तीस मिनिटांना सरांनी तिला थांबवलं आणि तिने ६५.३० धरलंय का ते विचारलं. तिने ६५.५ धरलं होतं, कारण तीस मिनिटं म्हणजे अर्धा अंश. उत्तर १३१π/३६० आलं होतं. सर खूश झाले.

मग उलटे कोन आले. ७π/१२ चं सोनलचं उत्तर होतं एकशेपाच अंश. सर म्हणाले, "π/१८० ने गुण," म्हणजे पहिल्या भागात अंशांना गुणलं होतं त्यानेच. तिने गुणलं. ७π²/२१६० असं काहीतरी आलं. तिने वर बघितलं. सर शांतपणे पुढच्या उदाहरणाकडे वळले होते. त्यातही त्यांनी तेच सांगितलं, आणि शेवटच्या, दोन रेडियनच्या, उदाहरणातही तेच. तिचं तिथे ३६०/π अंश होतं, सुमारे एकशे पंधरा. सरांचं आलं π/९०. सोनलने खोडरबर काढला आणि आपली सगळी उत्तरं खोडली. पस्तीस वर्षं गणित शिकवलेला माणूस चुकेल, हे तिच्या मनातही आलं नाही. आपल्यालाच काहीतरी कळलेलं नाही, असं तिला वाटलं.

चाचणीत तिने सरांनी सांगितलं तसंच लिहिलं.

कॉलेजात गणित शिकवणारे बाळासाहेब हे एकेकाळचे चांगदेव सरांचेच विद्यार्थी. पेपर तपासताना त्यांना नवल वाटलं. या मुलीचा पहिला भाग एकही चूक नसलेला, आणि दुसरा सगळाच्या सगळा उलटा. त्यांनी तिला स्टाफरूममध्ये बोलावून विचारलं. मग तिची सरावाची वही मागितली. खोडलेल्या आकड्यांचे वळ कागदावर दिसत होते आणि ते सगळे बरोबर होते.

"आधी बरोबर लिहिलं होतंस. मग खोडलंस कशाला?"

सोनल रडायला लागली. कोणी सांगितलं ते तिने सांगितलं नाही. पण ती कळंबची, हे बाळासाहेबांना माहीत होतं, आणि कळंबला गणित कोण शिकवतं हेही.

रविवारी ते कळंबला गेले. सर अंगणात बसले होते. त्यांनी बाळासाहेबांना नावाने हाक मारली, घरच्यांची चौकशी केली. बाळासाहेबांना वाटलं, आपलाच गैरसमज झाला असेल. पण चहा आणायच्या निमित्ताने साधनाताईंनी त्यांना आत बोलावलं. गेले काही महिने हे असं चाललंय, त्या म्हणाल्या. गावातलाच रस्ता चुकतात, जेवून झाल्यावर जेवायला वाढ म्हणतात. पुण्याला मुलीकडे, स्नेहलकडे, जाऊन डॉक्टरला दाखवू म्हटलं तर चिडतात. "म्हणतात, माझं गणित शाबूत आहे ना, मग डोकं कसं जाईल? मलाही तेच वाटत होतं, भाऊ. गणित आहे तोवर काळजी नाही."

बाळासाहेबांनी पेपरचं सांगितलं नाही. पण तेवढ्यात सोनल नेहमीप्रमाणे आली आणि सरांनी स्वतःच विचारलं, "चाचणीचं काय झालं?"

तिने बाळासाहेबांकडे बघितलं आणि मान खाली घातली. सरांनी हात पुढे केला. तिला पेपर द्यावाच लागला.

सरांनी तो ओळीओळीने वाचला. मग त्यांनी पेन घेतलं आणि ७π/१२ पुन्हा करायला घेतलं. π/१८० ने गुणलं. तेच उत्तर आलं. त्यांनी ते खोडून पुन्हा गुणलं. पुन्हा तेच.

"हे चुकलंय," ते हळूच म्हणाले. "पाव फेरीपेक्षा थोडा मोठा कोन आहे. शंभराच्या आसपास यायला पाहिजे. इथे तर एक अंशसुद्धा होत नाही." त्यांनी ओळीवरून बोट फिरवलं. "पण चुकतंय कुठे, ते सापडत नाही."

बाळासाहेब सांगायला पुढे झाले. पण सरांनी पेन सोनलपुढे धरलं. तिने खाली १८०/π लिहिलं, π ला π गेला, एकशेऐंशीला बाराने भागलं, पंधरा साते एकशेपाच.

सरांनी मान डोलावली. "त्या दिवशी हेच लिहिलं होतंस?"

"हो."

"मग खोडलंस का?"

"तुमी सांगितलं म्हणून."

मग सरांनी साधनाताईंना हाक मारून सांगितलं, "स्नेहलला फोन लाव. कधी यायचं ते विचार." आणि सोनलला म्हणाले, "बरोबर असलेलं कुणासाठीही खोडायचं नाही. माझ्यासाठीसुद्धा."

दिवाळीआधी सर आणि साधनाताई पुण्याला स्नेहलकडे राहायला गेले. डॉक्टरांनी सांगितलं ते साधनाताईंना अपेक्षितच होतं. औषधांनी वेग थोडा कमी होईल, गेलेलं परत येणार नाही. सोनलला आता बाळासाहेब कॉलेज सुटल्यावर शिकवत होते. ते चांगलं शिकवत, पण तिला पडवीतल्यासारखं तिथे काही विचारावंसं वाटत नसे.

सहामाहीत तिला गणितात वर्गात सर्वांत जास्त गुण पडले. तिने आईच्या मोबाईलवरून पुण्याला फोन लावला. साधनाताईंना फार आनंद झाला. त्यांनी फोन सरांच्या कानाला लावला आणि सोनलने गुण सांगितले.

"छान, छान," सर म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "आपण कोण बोलताय?"

"मी सोनल, सर. कळंबची."

"बरं," ते अदबीने म्हणाले. "असाच अभ्यास करत राहा तुम्ही."

त्यांनी तिला याआधी कधी 'तुम्ही' म्हटलं नव्हतं. सोनल "हो सर" म्हणाली आणि साधनाताई पुन्हा फोनवर येईपर्यंत तशीच कानाला मोबाईल लावून उभी राहिली.