हजाराच्या वर फुकट

राइट टाउनातलं कुंदाताईंचं किराणा दुकान आता पोराच्या, अपूर्वच्या, हातात होतं. घरपोच मालाचे दर त्यानेच बसवले. एक किलोमीटरच्या आत दोनशेच्या वर माल घेतला तर फुकट, नाहीतर वीस रुपये. तीनपर्यंत पाचशेच्या वर फुकट, नाहीतर तीस. पुढे पाचपर्यंत हजाराच्या वर फुकट, नाहीतर साठ. पेट्रोलचा भाव बघता पोराचं काही चुकलं नव्हतं, पण बेबी चार किलोमीटर लांब गढ्याला राहायची ना.

बेबी म्हणजे जन्माची शेजारीण. मुलाने गढ्याला फ्लॅट घेतला नि तिला घेऊन गेला. तिथे उगाच येऊन बसणाऱ्या बायका सुनेला खपत नसत, पण किराणा घेऊन आलेल्याला कोण हाकलतं? म्हणून बेबी दर आठवड्याला पावशेर रवा, हिंगाची डबी असलं काही फोनवर मागवायची आणि कुंदाताई स्वतः स्कूटी काढायच्या. घडीभर पोटभर बोलणं व्हायचं. तेवढ्यावर दोघींचा आठवडा निघायचा.

आता बिलावर साठ रुपये छापून येऊ लागले. सून बिल बघायची, कपाळाला आठ्या घालायची.

"बेबीला माफ कर की रे," कुंदाताई म्हणाल्या.

"आई, एकाला सोडलं की सगळी कॉलनी मागते," अपूर्व म्हणाला. खरंच होतं ते.

कुंदाताई स्वतःच्या पदरचे भरायला निघाल्या, तर बेबी ऐकते कसली! "तू काहून भरशील? हजाराचा माल घेत जाते मी. पेन्शन माझी आहे."

आणि घेतलाच की तिने. तेल, साबण, चहापत्ती, मीठ, पुन्हा मीठ. एवढ्या मिठाचं ही करते काय, हे कुंदाताईंना कळत नव्हतं थोडंच? पण भेटीचा मोह वाईट. त्या पिशव्या पोचवत राहिल्या.

एका सोमवारी दार सुनेने, प्रणोतीने, उघडलं. पलंगाखालून काढलेली मिठाची पाकिटं नि साबण फरशीवर रचलेले होते.

"मावशी, बरं झालं तुम्हीच आलात," ती थकल्या आवाजात म्हणाली. "आई विसरून राहिल्या. घरात आहे तेच पुन्हा मागवतात. डॉक्टरांना दाखवतोय. फोन मी ठेवून घेतलाय, आता त्यांची ऑर्डर घेऊ नका."

खरं काय ते कुंदाताईंच्या अगदी ओठांवर आलं. तेवढ्यात आतून बेबी आली. तिने सुनेच्या पाठीमागून हळूच मान हलवली, नको म्हणून.

"हो गं कुंदा," ती म्हणाली, "आजकाल काही लक्षातच राहत नाही."

मैत्रिणीच्या चार शब्दांसाठी म्हातारी पेन्शन उधळते, हे सुनेला कळण्यापेक्षा बेबीला भ्रमिष्ट ठरणं बरं वाटलं. पिशवी उचलून कुंदाताई जिना उतरल्या.

"माल परत काहून आणला?" दुकानात अपूर्वने विचारलं.

"घरी आहे म्हणाली सगळं," कुंदाताई म्हणाल्या. मीठ फळीवर ठेवता ठेवता त्यांना रडू कोसळलं, आणि गिऱ्हाईक समोर उभं असूनही ते आवरेना.